"एक तास गप्पा, हजार रुपये": मार्केट रिसर्चमध्ये निवड कशी होते आणि तासाचा रास्त मोबदला किती

सोसायटीच्या, भिशीच्या किंवा जुन्या वर्गमित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हल्ली अधूनमधून असा निरोप येतो: "वय २८ ते ४२, घरी फ्रंट लोड वॉशिंग मशीन असलेल्या महिला हव्या आहेत. शनिवारी चर्चा, दीड तास. १००० रुपये मिळतील. कुठलीही विक्री नाही." त्यावर ग्रुपचे दोन तट पडतात. काहींना ही सरळ फसवणूक वाटते, तर काहींना बसल्याजागी मिळणारे पैसे दिसतात. प्रत्यक्षात हे बहुतेकदा खरं काम असतं, पण त्यात बसल्याजागी असं फारसं काही नसतं. निरोपात लिहिलेल्या दीड तासाच्या मागेपुढे बराच वेळ जातो आणि त्याचा हिशेब कुणी सांगत नाही.

कंपनीला तुमच्याकडून हवं काय असतं?

किती लोक कोणता साबण वापरतात हे सर्वेक्षणातून कळतं. पण दोन वर्षं एकच डिटर्जंट वापरणारी बाई अचानक दुसरा का आणू लागली, हे टिकमार्कच्या प्रश्नांतून कळत नाही. त्यासाठी माणसाशी बोलावं लागतं. सहा ते आठ जणांना एकत्र बसवून बोललं की तो फोकस ग्रुप. एकाच व्यक्तीशी पाऊण-एक तास सविस्तर बोललं की ती इंटरव्ह्यू. बोलतं करणाऱ्याला मॉडरेटर म्हणतात. समोरासमोरच्या ग्रुपमध्ये कंपनीची माणसं बहुधा काचेपलीकडच्या किंवा शेजारच्या खोलीतून ऐकत असतात, आणि झूमवर असेल तर कॅमेरा बंद ठेवून. ऐकणारं कुणीतरी आहे आणि रेकॉर्डिंग होतंय, हे तुम्हाला आधी सांगायलाच हवं.

आठ जणींच्या बोलण्यावरून कंपनी हजारो घरांबद्दल अंदाज बांधते, म्हणजे शितावरून भाताची परीक्षा करते. ती परीक्षा खरी ठरायची असेल तर शीत त्याच भांड्यातलं असावं लागतं. ज्या बाईच्या घरी टॉप लोड मशीन आहे तिचं मत कितीही मोलाचं असलं तरी या ग्रुपपुरतं ते दुसऱ्या भांड्यातलं. म्हणून चर्चेआधी एक छोटी चाळणी लावतात. तिचं नाव स्क्रीनर. दहा-पंधरा मिनिटांचा फोन किंवा ऑनलाइन फॉर्म, एवढंच तिचं स्वरूप असतं, पण कोण आत येणार आणि कोण बाहेर राहणार ते तिथेच ठरतं.

स्क्रीनरमधले विचित्र प्रश्न कशासाठी?

वरच्या वॉशिंग मशीनच्या ग्रुपचंच उदाहरण घेऊ. फोन करणारी रिक्रूटर, म्हणजे माणसं शोधून देणारी व्यक्ती, सुरुवातीलाच विचारते: तुम्ही किंवा घरातलं कुणी जाहिरात संस्थेत, वृत्तपत्रात किंवा टीव्हीत, मार्केट रिसर्चमध्ये किंवा साबण-डिटर्जंट बनवणाऱ्या कंपनीत आहे का? उत्तर "हो" आलं की फोन बहुधा तिथेच संपतो. अशा घरातला माणूस ग्राहकासारखा कमी आणि धंद्यातल्यासारखा जास्त बोलतो. शिवाय चर्चेत दाखवलेलं नवं पाकीट प्रतिस्पर्ध्याच्या टेबलावर पोचण्याची भीती असते ती वेगळीच.

दुसरा प्रश्न: गेल्या सहा महिन्यांत अशा एखाद्या चर्चेला बसला आहात का? वारंवार बसणाऱ्यांना मॉडरेटरला काय ऐकायचं असतं ते कळू लागतं आणि ते तसंच बोलू लागतात. असे लोक टाळण्यासाठी सहा महिन्यांची, काही कामांत वर्षाची अट असते.

मग येतात घरातल्या वस्तूंचे प्रश्न, आणि इथे बऱ्याच जणी बिचकतात. पंखा आहे का, गॅस, दुचाकी, फ्रिज, एसी, शेतजमीन? आयकरवाल्यांसारखी ही चौकशी कशाला? याचं उत्तर २०११ साली भारतीय रिसर्च संस्थांनी स्वीकारलेल्या वर्गवारीत आहे. घरातल्या मुख्य कमावत्या व्यक्तीचं शिक्षण आणि ठरवून दिलेल्या ११ गोष्टींपैकी घरात किती आहेत, या दोन आकड्यांवरून कुटुंबाला १२ पायऱ्यांपैकी एक पायरी देतात. शेतजमीन त्या ११ मध्ये येते, म्हणून पुण्यातल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या बाईलाही गावाकडच्या जमिनीबद्दल विचारलं जातं. थेट उत्पन्न विचारलं तर लोक चुकीचं सांगतात, पण फ्रिज आहे की नाही हे सहसा खरं सांगतात. त्यामुळे या प्रश्नांना घाबरायचं कारण नाही. वस्तू आहे की नाही एवढंच सांगायचं असतं. तिची पावती, बँकेचं नाव, खात्यातली शिल्लक यातलं काहीही कुणी विचारायला नको.

मूळ प्रश्न मात्र नेहमी लपवलेला असतो. "तुमच्याकडे फ्रंट लोड मशीन आहे का?" असं चांगला स्क्रीनर विचारत नाही, कारण तसं विचारलं की सगळ्यांकडे ते असतं. तो विचारतो, "खालीलपैकी कोणत्या वस्तू घरात आहेत?" आणि यादीत सहा-सात वस्तू ठेवतो. मशीन निवडलं की पुढे "कपडे वरून टाकता की समोरून?" ब्रँडच्या यादीत कधीकधी अस्तित्वातच नसलेलं एखादं नावही घुसवलेलं असतं. "हो, तो मी वापरते," असं म्हणणारी बाई बाद.

शेवटी एखादा अगदीच असंबद्ध वाटणारा प्रश्न येतो. भिंत बांधण्याशिवाय विटेचे आणखी उपयोग सांगा, असला. विटेशी कुणाला देणंघेणं नसतं. तुम्ही मोकळेपणाने चार वाक्यं बोलता की "माहीत नाही" म्हणून थांबता, एवढंच त्यातून पाहायचं असतं. गप्प बसणारी व्यक्ती कितीही अचूक ग्राहक असली तरी चर्चेच्या कामाची नसते.

सगळं खरं सांगूनही निवड का होत नाही?

याचं कारण बहुतेक वेळा कोटा असतं. आठ जागांपैकी चार एका ब्रँडच्या जुन्या ग्राहक आणि चार गेल्या वर्षभरात ब्रँड बदललेल्या, असं आधीच ठरलेलं असतं. पहिल्या चार जागा बुधवारी भरल्या असतील तर गुरुवारी फोन आलेली तशीच पाचवी बाई बाहेर राहते. तिचं उत्तर चुकलेलं नसतं. हे रिक्रूटरने सांगायला हवं, पण पुढच्या वेळी लोक कोटा ओळखून बोलतील म्हणून ती सांगत नाही. सांगितलं नाही तरी चालेल, पण "कळवते" म्हणून चार दिवस टांगणीला ठेवणं मला पटत नाही.

आठ जागांसाठी दहा जणींना बोलावतात, हेही माहीत असावं. एक-दोघी ऐन वेळी येत नाहीत, हे गृहीतच धरलेलं असतं. सगळ्या आल्या तर दोघींना परत पाठवतात. अशा वेळी पूर्ण रक्कम देऊन पाठवणं ही या क्षेत्रातली चांगली प्रथा आहे, कारण त्या बाईने तिची बाजू पाळलेली असते. नुसतं "सॉरी ताई, पुढच्या वेळी नक्की" म्हणून बोळवण होत असेल तर तिथे मान राखून पण ठामपणे पैसे मागावेत.

थोडं जुळवून सांगितलं तर काय बिघडतं?

हा प्रश्न येतो, कारण कधीकधी जुळवून सांगायला रिक्रूटरच शिकवते. "ताई, सहा महिन्यांत कुठे बसलात का विचारतील, तर नाही म्हणा. आणि मशीन समोरून उघडतं असं सांगा." तिच्याकडूनही पाहायला हवं. बऱ्याच रिक्रूटर कुणाच्या पगारी नोकर नसतात. त्यांना निवड झालेल्या माणसामागे पैसे मिळतात. शनिवारचा ग्रुप आणि शुक्रवारपर्यंत सहाच जणी मिळालेल्या, अशा वेळी हा मोह होतो.

पण दारावर पुन्हा स्क्रीनर होतो. ग्रुप सुरू होण्याआधी दुसरीच व्यक्ती तेच प्रश्न वेगळ्या क्रमाने विचारते. मशीनचा फोटो फोनवर दाखवा म्हणते, किंवा ड्रमच्या दारावरचा रबर कसा पुसता असं सहज विचारते. फ्रंट लोड वापरणारीला तो रबर आणि त्यात साचणारं पाणी लगेच आठवतं. जिच्याकडे ते मशीन नाही ती इथे अडखळते. मग भाडं खर्चून आलेल्या त्या बाईला रिकाम्या हाताने परत जावं लागतं, आणि शिकवणारी रिक्रूटर तेव्हा फोन उचलत नाही. त्या संस्थेच्या यादीतून नाव कायमचं जातं ते वेगळंच. जुळवून सांगायला सांगणाऱ्या रिक्रूटरकडून आलेलं काम सरळ नाकारावं, असं मी तरी सांगेन.

दीड तासाचे हजार रुपये: खरा दर किती?

आता हिशेब. समजा हडपसरची एक बाई शिवाजीनगरच्या हॉटेलमध्ये या ग्रुपला गेली. निरोपात दीड तास आणि १००० रुपये लिहिलं होतं, म्हणजे दिसायला तासाला ६६७ रुपये. प्रत्यक्षात काय घडलं? स्क्रीनरचा फोन १५ मिनिटं. चर्चेआधी तीन दिवस कपडे धुताना टिपणं आणि फोटो पाठवायचे होते, रोजची १५ मिनिटं, म्हणजे ४५. जायला ५० मिनिटं, यायला ५०. नोंदणी आणि पुन्हा स्क्रीनर यासाठी २० मिनिटं आधी बोलावलं होतं. दीड तासाची चर्चा रंगली आणि ११० मिनिटं चालली. सगळं मिळून २९० मिनिटं, म्हणजे चार तास ५० मिनिटं. रिक्षाला जाऊन-येऊन ३५० रुपये गेले. हाती राहिले ६५०. भागाकार केला तर तासाला साधारण १३५ रुपये पडले.

तोच ग्रुप झूमवर आणि ८०० रुपयांत झाला असता तर? फोन १५, आदल्या दिवशी कॅमेरा-आवाजाची तपासणी १०, चर्चा ११०, आणि टिपणं ४५, म्हणजे १८० मिनिटं. खर्च जवळपास नाही. तासाला २६७ रुपये. २०० रुपये कमी दिसणारं काम प्रत्यक्षात दुप्पट दराचं निघालं.

१३५ वाईट आणि २६७ चांगले असं थेट म्हणता येत नाही. ते तुमच्या स्वतःच्या तासाच्या किमतीवर ठरतं. ती काढायची सोपी रीत म्हणजे महिन्याच्या कमाईला २०० ने भागणं, कारण २५ दिवस रोज आठ तास धरले की २०० तास होतात. महिन्याला ३०,००० मिळवणाऱ्याचा तास १५० रुपयांचा. घरकाम करणाऱ्या बाईने स्वतःचा तास शून्याचा धरू नये. तेवढ्या वेळासाठी मुलाला सांभाळायला किंवा स्वयंपाकाला माणूस ठेवायचं तर किती द्यावे लागतील, तो आकडा घ्यावा.

माझ्या मते सगळा वेळ मोजून आणि खर्च वजा करून, आपल्या तासाच्या किमतीच्या दीडपट ते दुप्पट मिळत असेल तर दर रास्त आहे. नुसती बरोबरी पुरत नाही, कारण हे काम रोज मिळत नाही, आणि ज्या स्क्रीनरमधून निवड होत नाही त्यांचा वेळ फुकटच जातो. सहा-सात वेळा फोनवर उत्तरं द्यावीत तेव्हा एकदा बोलावणं यावं, असं सहज घडतं. या मापाने १५० रुपये तासवाल्या बाईला झूमचे ८०० रास्त, आणि शिवाजीनगरच्या कामाला प्रवासखर्च आणि टिपणांचे पैसे धरून निदान १५०० मागायला हवे होते. "टिपणांचे वेगळे मिळतील का?" हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि बजेटमध्ये अनेकदा त्यासाठी जागा असते.

"ही भेट आहे, मजुरी नव्हे" या म्हणण्याचं काय?

रिसर्च संस्था या रकमेला मानधन किंवा इन्सेन्टिव्ह म्हणतात आणि तुम्ही काही आमचे कामगार नाही, असं सांगतात. ते खरंही आहे. मत देणारा माणूस नोकर नसतो, अवघड प्रश्नाला उत्तर द्यायला नकार देऊ शकतो, मधेच उठून जाऊ शकतो. जगभरच्या रिसर्च संस्था जी आचारसंहिता मानतात तिच्यातही सहभाग ऐच्छिकच असला पाहिजे, असं आहे. पण ऐच्छिक म्हणजे फुकट नव्हे. वेळ ठरवून दिलेला, विषय ठरवून दिलेला, वर टिपणं लिहून घेतलेली, मग त्या वेळेची किंमत करण्यात गैर काय?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. पैसे वाढवले की खोटं बोलून आत शिरणारे वाढतात. हा धोका खरा आहे. पण पैसे फार कमी ठेवले की नोकरी करणारी, लहान मुलं असलेली, वेळेची चणचण असलेली माणसं येतच नाहीत आणि तेच तेच सरावलेले चेहरे उरतात. खोटं अडवणं हे स्क्रीनरचं काम आहे, ते तुटपुंज्या मानधनावर ढकलता येणार नाही.

डॉक्टरला आणि खरेदी व्यवस्थापकाला जास्त का?

एका तासासाठी गृहिणीला ८०० आणि हृदयरोगतज्ज्ञाला काही हजार, हा फरक अन्यायाचा वाटतो. पण दर मताच्या मोलावर ठरत नाही. तसा माणूस किती दुर्मिळ आहे आणि त्याचा तास बाहेर किती रुपयांना जातो, यावर तो ठरतो. फ्रंट लोड मशीनची घरं पुण्यात भरपूर आहेत. विशिष्ट प्रकारचे औद्योगिक व्हॉल्व्ह दरवर्षी विकत घेणारे खरेदी व्यवस्थापक चाकण-रांजणगाव मिळून मोजकेच असतील. अशा लोकांना फोनवर जोडून देणाऱ्या कंपन्यांना एक्स्पर्ट नेटवर्क म्हणतात. तिथे दर अनेकदा तुम्हीच सांगायचा असतो आणि पैसे बोललेल्या मिनिटांवर मिळतात. पगाराला २०० ने भागून त्याच्या तीन-चारपट रक्कम सांगितली तरी ती या बाजारात जास्त नाही.

मात्र इथे धोकाही मोठा आहे. फोनपलीकडे बहुधा गुंतवणूकदार किंवा प्रतिस्पर्धी असतो. अमेरिकेत सिडनी गिलमन हे डॉक्टर अल्झायमरच्या एका औषधाच्या चाचणीवर देखरेख करत होते. एक्स्पर्ट नेटवर्कमधून ओळख झालेल्या मॅथ्यू मार्टोमा या फंड व्यवस्थापकाला त्यांनी २००८ मध्ये चाचणीचे निकाल जाहीर होण्याआधीच सांगितले. अशा सल्ल्यासाठी त्यांना तासाला १००० डॉलरच्या आसपास मिळत होते. मार्टोमाला २०१४ मध्ये नऊ वर्षांची शिक्षा झाली आणि गिलमन यांची विद्यापीठातली कारकीर्द संपली. भारतातही सेबीचे २०१५ चे इनसायडर ट्रेडिंगचे नियम शेअर बाजारात सूचीबद्ध कंपनीची जाहीर न झालेली, शेअरच्या भावावर परिणाम करणारी माहिती बाहेर द्यायला मनाई करतात. "व्हॉल्व्ह निवडताना तुम्ही काय पाहता?" याचं उत्तर देता येतं. "तुमची कंपनी या तिमाहीत किती ऑर्डर देणार आहे?" याचं देता येत नाही. आणि सध्याच्या मालकाबद्दल बोलण्याआधी आपलं नेमणूकपत्र काढून गोपनीयतेचं कलम वाचावं.

मग हे खरं की खोटं, ओळखायचं कसं?

पैशाची दिशा पाहावी. खऱ्या रिसर्चमध्ये पैसे नेहमी तुमच्याकडे येतात. नोंदणी शुल्क, परत मिळणारी अनामत, "आधी हे टास्क अनलॉक करा" असलं काहीही आलं की ती फसवणूकच. हॉटेलला रेटिंग द्या म्हणत सुरुवातीला दीड-दोनशे रुपये खरोखर देतात आणि मग मोठी रक्कम भरायला लावतात, हा टेलिग्रामवरचा सापळा मार्केट रिसर्चच्याच वेषात येतो. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही आणि ओटीपी सांगावा लागत नाही. फसलात तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करावा, कारण पहिल्या काही तासांतच रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते.

ओळखपत्र मात्र खरे लोकही पाहतात, कारण नाव आणि वय जुळतं का हे त्यांना तपासायचं असतं. दाखवायला हरकत नाही. आधारची प्रत मागितलीच तर शेवटचे चारच अंक दिसणारं मास्क्ड आधार द्यावं.

परदेशी वेबसाइटवरून काम मिळत असेल तर डॉलरचा आकडा पाहून हुरळू नये. मानधन अनेकदा गिफ्ट कार्डात असतं, आणि amazon.com चं कार्ड amazon.in वर चालत नाही. पेपालने आले तर रुपयात बदलताना काही रक्कम कापली जाते. ती वजा करूनच तासाचा हिशेब करावा.

होकार देण्याआधी

रिक्रूटरला एक मेसेज पाठवावा आणि उत्तर लेखी घ्यावं. फोनवरच्या बोलण्याचा नंतर उपयोग होत नाही. मेसेज असा: "संस्थेचं नाव काय? एकूण वेळ किती, टिपणं वगैरे धरून? रक्कम किती, प्रवासखर्च वेगळा का? मी वेळेवर आले आणि जागा भरलेली असली तर पैसे मिळतील का? पैसे रोख, यूपीआय की व्हाउचर, आणि किती दिवसांत? रेकॉर्डिंग कुणाकडे राहील?" समोरासमोरच्या ग्रुपचे पैसे त्याच दिवशी निघताना पाकिटात किंवा यूपीआयवर मिळायला हवेत. ऑनलाइन कामाला आठ-पंधरा दिवस लागणं समजण्यासारखं आहे. महिना उलटला तर रिक्रूटरच्या मागे लागण्यात अर्थ नसतो, कारण तिचेही पैसे वरून अडकलेले असू शकतात. थेट संस्थेला ईमेल करावं, त्यात चर्चेची तारीख, विषय आणि मॉडरेटरचं नाव लिहावं, आणि त्या लेखी मेसेजचा स्क्रीनशॉट जोडावा.